शके किंवा संवत लिहिलेलं साल इसवी सनात कसं काढायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शकेत ७८ मिळवायचे की ७९? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन्ही बरोबर आहेत, फक्त वर्षाच्या वेगवेगळ्या भागांसाठी. आपलं शके गुढीपाडव्याला बदलतं आणि इसवी सन १ जानेवारीला बदलतं, म्हणजे एकच शके वर्ष दोन इसवी सनांत पसरलेलं असतं. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतची मिती असेल तर ७८ मिळवा, १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतची असेल तर ७९.

उदाहरण घ्यायचं तर २०२४ सालचा पाडवा ९ एप्रिलला होता आणि त्या दिवशी शके १९४६ सुरू झालं. १९४६ मध्ये ७८ मिळवले की २०२४, बरोबर. पण त्याच शके १९४६ च्या माघात जे लग्न झालं ते २०२५ च्या सुरुवातीला झालं, तिथे ७९ लागतात. पत्रिकेवर शके तेच छापलेलं असतं, म्हणून तर गोंधळ होतो.

त्यामुळे कुणी नुसतं "शके १८६८ म्हणजे इसवी किती?" असं विचारलं की मी आधी महिना विचारते. महिना माहीत नसेल तर उत्तर "१९४६-४७" असं जोडसालच द्यायचं, एक आकडा ठोकून द्यायचा नाही.

कुठल्या महिन्याला काय, हे थोडक्यात लक्षात कसं ठेवायचं?

साधारण १८०० नंतरच्या कागदांसाठी मी असं धरते: चैत्र ते कार्तिक, डोळे मिटून ७८. माघ आणि फाल्गुन, डोळे मिटून ७९. मधले दोन महिने, मार्गशीर्ष आणि पौष, हे खरे त्रासदायक. पौष कधी डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो, कधी जानेवारी उजाडल्यावर, आणि मार्गशीर्षाचा वद्य पक्ष काही वर्षी जानेवारीत शिरतो. या दोन महिन्यांतली मिती असेल तर त्या वर्षाचं पंचांग किंवा जंत्री बघितल्याशिवाय साल लिहू नका.

पौषाचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे पानिपत. पौष शुद्ध ८, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येतं आणि आपण सगळे तर शाळेपासून १४ जानेवारी १७६१ घोकत आलोय. पौष होता पण त्या वर्षी शुद्ध अष्टमी जानेवारीत पडली होती, म्हणून १६८२ अधिक ७९.

एखादं घरातलं उदाहरण पायरीपायरीने दाखवाल का?

माझ्या मावशीचंच सांगते. तिच्या जन्मटिपणावर लिहिलेलं होतं "शके १८६८ व्ययनाम संवत्सरे, फाल्गुन वद्य १०". शाळेत नाव घालताना घरातल्या कुणीतरी सरळ ७८ मिळवून १९४६ सांगितलं आणि तेच पुढे सगळीकडे चालत राहिलं. तिच्या पंच्याहत्तरीच्या वेळी मी ते टिपण पहिल्यांदा हातात घेतलं आणि हिशोब परत मांडला.

पहिलं, आकडा नीट वाचला. कागद दुमडलेला होता आणि शेवटचा ८ हा २ सारखाही दिसत होता, म्हणजे १८६८ की १८६२ हीच पहिली शंका. इथे संवत्सराचं नाव कामाला आलं. आपल्याकडचं संवत्सर काढायचं असेल तर शकेत १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं, बाकी उरेल तो प्रभवपासून मोजलेला क्रमांक. १८६८ अधिक १२ म्हणजे १८८०, साठने भागून बाकी २०, आणि विसावं संवत्सर व्यय. १८६२ असतं तर बाकी १४ आली असती, म्हणजे विक्रम संवत्सर. टिपणावर स्वच्छ "व्यय" लिहिलेलं आहे, म्हणजे आकडा १८६८ च.

दुसरं, महिना. फाल्गुन, म्हणजे वर्षाचा शेवटचा महिना, म्हणजे ७९. १८६८ अधिक ७९ बरोबर १९४७.

तिसरं, ताळा. टिपणाच्या वरच्या कोपऱ्यात "संवत २००३" असंही होतं. फाल्गुनात संवतातून ५६ वजा करायचे (ते का, ते खाली येतंच). २००३ वजा ५६, परत १९४७. दोन वेगळ्या वाटांनी तेच साल आलं. नंतर त्या वर्षाच्या जुन्या पंचांगात तिथी बघितली तर ती मार्चच्या मध्यावर होती आणि वारही टिपणातल्या वाराशी जुळला. म्हणजे मावशी आयुष्यभर कागदावर एक वर्षाने मोठी होती. तिला त्याचं काही वाटलं नाही, म्हणाली आता काय फरक पडतोय, पण केक मात्र पुढच्या वर्षी परत कापला.

ती साठ संवत्सरांची यादी पाठ नाही. मग?

पाठ कुणालाच नसते, पंचांगात असते. क्रमाने प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद असं सुरू होऊन क्षय या साठाव्यावर संपते आणि परत प्रभव. एक गोष्ट ध्यानात ठेवा की साठ वर्षांनी तेच नाव परत येतं, त्यामुळे नुसत्या नावावरून शतक कळत नाही. पण आकड्यातला एखादा अंक पुसलेला असेल किंवा ५ की ६ असा संशय असेल तर नावाइतका चांगला साक्षीदार नाही.

आणि हे १२ मिळवण्याचं गणित महाराष्ट्रात आणि दक्षिणेत चालणाऱ्या पद्धतीचं आहे. उत्तरेकडच्या कागदावर संवत्सराचं नाव असेल तर ते आपल्यापेक्षा पुढे गेलेलं असतं, तिथे हा ताळा लावू नका.

"शके १६८२ विक्रमनाम संवत्सरे" असं लिहिलंय. मग हे शके आहे की विक्रम संवत?

शकेच आहे. हा प्रश्न फार जणांना पडतो आणि पडायलाच हवा, कारण चौदाव्या संवत्सराचं नावच "विक्रम" आहे. १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, साठने भागून बाकी १४, चौदावं विक्रम. म्हणजे पानिपतचं वर्ष हे शालिवाहन शकातलं विक्रम नावाचं संवत्सर. इथे कुणी विक्रम संवत समजून १६८२ तून ५७ वजा केले तर १६२५ येईल, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी पानिपत!

ओळखायची सोपी खूण म्हणजे "नाम" हा शब्द. "अमुकनाम संवत्सरे" असं आलं की ते त्या वर्षाचं नाव आहे. गणना सांगायची असेल तर "शके" किंवा "संवत" हा शब्द आकड्याला चिकटून येतो.

विक्रम संवतातून ५७ वजा करायचे की ५६?

इथेही दोन आकडे आहेत, पण इथे अजून एक भानगड आहे. नियम तसा सोपा: संवत सुरू झाल्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ५७ वजा, १ जानेवारीपासून संवत संपेपर्यंत ५६ वजा. प्रश्न असा की संवत सुरू कधी होतो.

उत्तरेत, म्हणजे राजस्थान, उत्तर प्रदेश वगैरे भागांत तो चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो. गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रातही तो दिवाळीच्या पाडव्याला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. आपल्याकडे शके गुढीपाडव्याला आणि संवत दिवाळीला, असे दोन पाडवे वाटून घेतलेत, म्हणूनच व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या दिवाळीत. चैत्रात बदलणाऱ्या संवताला चैत्रादी म्हणतात, कार्तिकात बदलणाऱ्याला कार्तिकादी. कच्छ आणि हालार भागात तर आषाढात बदलणारा संवतही होता, पण तो कागद समोर आला तरच त्याची काळजी करा.

२०२४ मध्येच बघा. चैत्रादी संवत २०८१ हा ९ एप्रिल २०२४ ला लागला आणि कार्तिकादी संवत २०८१ हा २ नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर या काळात जयपूरच्या माणसाचा संवत २०८१ चालू होता आणि अहमदाबादच्या माणसाचा अजून २०८०.

मग एकाच मितीची दोन वेगळी सालं निघू शकतात?

हो, आणि खरी चूक इथेच होते, शकेत होते त्यापेक्षा जास्त. समजा एका जुन्या गहाणखतावर "संवत १९७६ आषाढ सुद ७" लिहिलंय. कागद चैत्रादी असेल तर आषाढ हा वर्षाच्या सुरुवातीचा महिना, डिसेंबरच्या आधीचा, म्हणून १९७६ वजा ५७, १९१९. कागद कार्तिकादी असेल तर ते वर्ष आधीच्या दिवाळीत सुरू झालेलं, त्यात जानेवारी केव्हाच येऊन गेली, आणि आषाढ वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणून १९७६ वजा ५६, १९२०. शाई तीच, आकडा तोच, आणि एक अख्खं वर्ष इकडेतिकडे.

चांगली बातमी अशी की हा वाद फक्त चैत्र शुद्ध ते आश्विन अखेर एवढ्याच महिन्यांचा आहे. कार्तिक ते फाल्गुन या काळात दोन्ही पद्धतींचा संवत एकच असतो, तिथे फक्त डिसेंबरच्या अलीकडे की पलीकडे एवढंच बघायचं. मावशीच्या टिपणात फाल्गुन होता म्हणून तर मी कुठला संवत हा विचारही केला नाही.

कागद चैत्रादी आहे की कार्तिकादी हे ओळखायचं कसं?

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याच कागदावर शके पण लिहिलेलं असणं. संवतातून शके वजा करा. चैत्रादी असेल तर फरक वर्षभर १३५ येतो. कार्तिकादी असेल तर चैत्र ते आश्विन १३४ आणि कार्तिक ते फाल्गुन १३५. म्हणजे वरच्या गहाणखतावर शके १८४२ असेल तर फरक १३४, कागद कार्तिकादी, साल १९२०. शके १८४१ असेल तर फरक १३५, चैत्रादी, साल १९१९. दोन्ही वेळा शकेत ७८ मिळवून बघा, तेच साल येतं.

शके नसेल तर वार बघा. दोन्ही उमेदवार सालांच्या पंचांगांत आषाढ शुद्ध ७ कुठल्या वारी आहे ते काढायचं, सहसा एकच जुळतो. "सहसा" म्हणतेय कारण तिथी सूर्योदयाला कुठली होती यावरून एखादा दिवस मागेपुढे होतो, त्यामुळे एका वाराच्या फरकाला लगेच नापास करू नका, पण तीन-चार वारांचा फरक असेल तर ते साल सोडून द्या.

वारही नसेल तर कागद कुठला, लिहिणारा कुठला, हे बघायचं. गुजराती लिपीतला चोपडा असेल तर कार्तिकादी धरायला हरकत नाही. मारवाडी पेढीचा असेल तर मात्र थांबा, कारण माणूस मूळचा राजस्थानचा आणि धंदा मुंबईत, तो कुठला संवत लिहीत होता हे त्याच्या वहीतल्या नोंदींच्या क्रमावरूनच कळेल. वही उलटत जा आणि आकडा कुठल्या महिन्यात बदलतोय ते बघा. चैत्र सुदीला १९७५ चा १९७६ झाला असेल तर प्रश्नच मिटला. एका सुट्या कागदापेक्षा अख्खी वही मिळणं म्हणूनच भाग्याचं.

"चैत्र वदि ५, संवत १९७६" ही मिती मी १९१९ काढली, पण बाकीच्या कागदांशी जुळत नाही.

कागद उत्तरेतला आहे का? तर मग कारण हे. आपला महिना अमावास्येला संपतो, आधी शुद्ध मग वद्य. उत्तरेतला महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांच्याकडे वद्य पक्ष आधी येतो. परिणाम असा की आपला जो फाल्गुन वद्य पक्ष, तो त्यांचा चैत्र वदि. होळी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत्र लागतो, पण वर्ष मात्र पंधरा दिवसांनी शुद्ध प्रतिपदेलाच बदलतं. म्हणजे त्यांच्या चैत्राचा अर्धा भाग जुन्या वर्षाच्या शेपटाला असतो आणि अर्धा नव्या वर्षाच्या डोक्याला.

म्हणून चैत्र वदि ५, संवत १९७६ ही त्या वर्षाच्या अगदी शेवटची मिती, इसवी १९२० च्या मार्चमधली, ५६ वजा. महिन्याचं नाव चैत्र बघून आपण झटकन ५७ वजा करतो तिथे फसतो. शुद्ध पक्षाच्या मित्यांना हा त्रास नाही, शुद्ध पक्ष दोन्हीकडे त्याच नावाच्या महिन्यात असतो.

सरकारी राजपत्रावरही शके असतं. तेच हे शके का?

आकडा बहुतेक वेळा तोच, पण कॅलेंडर वेगळं. ते भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेतलं शके. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून ते सुरू झालं. त्यात तिथी नाहीत, पक्ष नाहीत, साधे १ ते ३० किंवा ३१ दिवस. १ चैत्र नेहमी २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला.

म्हणून ओळख सोपी: "फाल्गुन २२, शके १९३५" असं असेल आणि शुद्ध-वद्य काही नसेल तर ते राष्ट्रीय. तो दिवस म्हणजे १३ मार्च २०१४. इथेही वर्षाअखेरचा महिना म्हणून ७९ च मिळवले. राष्ट्रीय शकेत मात्र जंत्रीची गरज नाही, महिने ठरलेले आहेत, १० पौषला ३१ डिसेंबर येतो आणि ११ पौषपासून ७९ सुरू, दरवर्षी.

घोळ फक्त मार्च-एप्रिलमधल्या काही दिवसांत होतो. १ एप्रिल २०२४ ला राष्ट्रीय दिनदर्शिकेत १२ चैत्र १९४६ होती, पण पंचांगात अजून फाल्गुन वद्य, शके १९४५, कारण पाडवा ९ एप्रिलला होता. २०१८ ला उलटं झालं, पाडवा १८ मार्चलाच येऊन गेला आणि राष्ट्रीय वर्ष चार दिवस मागे राहिलं. तेव्हा एकाच दिवसाच्या दोन कागदांवर दोन शके दिसली तर कुणी चुकलं असं लगेच समजू नका.

शिवकालीन तारखा काढल्या तर फोनमधला वार जुळत नाही. हिशोब चुकतोय का?

साल चुकत नाहीये, कॅलेंडर बदललंय. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, आनंदनाम संवत्सर. १५९६ अधिक ७८, १६७४. ताळा बघा, १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावं आनंद. साल पक्कं. आपण तारीख ६ जून म्हणतो ती जुन्या ज्युलियन पद्धतीची, आणि त्या पद्धतीत तो शनिवार येतो. पण फोनमधलं कॅलेंडर बरेचदा आत्ताची ग्रेगोरियन पद्धत तशीच मागे नेतं, त्यात ६ जून १६७४ ला बुधवार दिसतो. त्या पद्धतीत तोच दिवस १६ जून होतो आणि तिथे शनिवार बरोबर सापडतो. इंग्रजांनी १७५२ मध्ये पद्धत बदलली, त्याआधीच्या तारखांना ही दहा-अकरा दिवसांची तफावत असते. पोर्तुगीज मात्र आधीच नव्या पद्धतीवर गेले होते, त्यामुळे गोव्याकडचा कागद आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतला कागद एकाच दिवसाची दोन वेगळ्या तारखांनी नोंद करतात.

अजून एक, त्याच काळच्या इंग्रजी कागदांत वर्ष २५ मार्चला बदलायचं. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. फाल्गुन म्हणून ७९, साल १६३०, तारीख १९ फेब्रुवारी, जी महाराष्ट्र सरकारही पाळतं. पण त्या वेळच्या इंग्रजाने ती फेब्रुवारी १६२९ मधलीच लिहिली असती. म्हणून जानेवारी ते मार्चच्या जुन्या इंग्रजी नोंदीशी आपलं काढलेलं साल एकाने कमी-जास्त आलं तर आपला हिशोब मोडायच्या आधी हे तपासा.

अधिक महिना असेल तर ७८-७९ बदलतात का?

सालाचा हिशोब तोच राहतो. फक्त कागदावर "अधिक" किंवा "निज" लिहिलंय का ते टिपून ठेवा, कारण अधिक आषाढ आणि निज आषाढ यांत पूर्ण एक महिन्याचं अंतर आहे आणि तारीख काढताना ते लागतं. शिवाय अधिक महिना हा छान पुरावाही आहे, कारण ठरावीक वर्षीच ठरावीक महिना अधिक येतो. उमेदवार सालात तो महिना अधिक नसेलच तर ते साल बाद.

कोरीव लेखात "गत" किंवा "वर्तमान" असं दिसतं, त्याचं काय?

आपण जे शके वापरतो ती गत वर्षांची मोजणी, म्हणजे पूर्ण झालेली वर्षं. काही जुन्या लेखांत चालू वर्ष मोजलेलं असतं, मग आकडा एकाने जास्त असतो आणि ७८ ऐवजी ७७ मिळवावे लागतात. घरच्या कागदांत, दस्तांत, पत्रिकांत याची चिंता नको. मंदिरावरच्या जुन्या शिलालेखात संवत्सराचं नाव आकड्याशी एका वर्षाने फटकून दिसलं तर मात्र हे कारण आधी तपासा.

पेशवाईतल्या पत्रावर शकेही नाही आणि संवतही नाही, काहीतरी "इहिदे सितैन मया व अलफ" आहे.

तो आकडाच आहे, अरबी शब्दांत लिहिलेला. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, एकूण ११६१. याला सुहूर सन म्हणतात. यात शकेचे ७८-७९ लावायचे नाहीत, ५९९ किंवा ६०० मिळवायचे. वर्ष मृगाच्या सुमारास बदलायचं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ अधिक ६०० बरोबर १७६१, म्हणजे हे परत पानिपतचंच वर्ष. मोडी पत्रात सुहूर सन आणि तिथी दोन्ही असतील तर शके नसतानाही साल पक्कं करता येतं, मला तर असे कागद जास्त आवडतात, दोन साक्षीदार असतात ना.

साल काढलं, आता तारीख पण हवी आहे. ती सूत्राने निघते का?

साध्या बेरीज-वजाबाकीने नाही. तिथी चंद्रावर चालते, त्यामुळे त्या वर्षाचं छापील पंचांग, जंत्री किंवा चांगलं पंचांग सॉफ्टवेअर लागतं. सॉफ्टवेअर वापरलंत तर अमान्त म्हणजे अमावास्येला संपणारे महिने निवडलेत का पौर्णिमान्त म्हणजे पौर्णिमेला संपणारे, ते आधी बघा, नाहीतर वद्य पक्षातली प्रत्येक तारीख एक महिन्याने सरकते. आणि रात्रीचा जन्म असेल तर अजून एक लक्षात घ्या, आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. टिपणात "सोमवार, पहाटे ४" लिहिलं असेल तर घड्याळाच्या कॅलेंडरात तो मंगळवार झालेला असतो.

मी कागदावर लिहिताना मूळ मिती जशीच्या तशी आधी लिहिते आणि तिच्याखाली काढलेली तारीख, आणि बाजूला "७९ मिळवले, संवतावरून ताळा" एवढं. दहा वर्षांनी कुणी विचारलं की हे १९४७ कुठून आलं, तर परत पहिल्यापासून डोकं खाजवावं लागत नाही.